मिठाची जागा

काचबिंदूनं आईची नजर गेली ती एकाएकी नाही. आठ-नऊ वर्षं ती कडेकडेनं आत सरकत गेली आणि शेवटी फक्त उजेड-अंधार कळण्यापुरती उरली. त्या काळात घरातल्या एकेक गोष्टीत तिला आमची मदत लागू लागली. देवघराची वात, औषधाच्या गोळ्या, नळाची तोटी. जेवणात मात्र शेवटपर्यंत लागली नाही. ताट समोर आलं की ती उजव्या हाताचं पहिलं बोट ताटाच्या वरच्या कडेला मधोमध टेकवायची, ते मिठाला लागलं की बोट तसंच डावीकडे उतरवायची, मग उजवीकडे. एवढं झालं की ती जेवायला मोकळी. "काय वाढलं?" असं तिनं विचारल्याचं मला आठवत नाही.

मग मी एक शहाणपणा केला. चिखलीच्या बाजारातून कप्प्यांचं स्टीलचं ताट आणलं. हेतू चांगला होता. वरणाची वाटी कलंडते, भाजीचा रस्सा पोळीखाली जातो, पापड मऊ पडतो, हे सगळं कप्प्यांनी थांबेल. ओलं आणि कोरडं वेगळं राहण्यासाठी याहून पक्की व्यवस्था कोणती? पहिल्याच दिवशी आईचं बोट वरच्या कडेला गेलं ते थेट आमटीत. हात झटकून ती म्हणाली, "मीठ कुठी गेलं रे बापा?" मीठ मी एका कोपऱ्यातल्या कप्प्यात, लोणच्याशेजारी घातलं होतं. ती आठवडाभर त्या ताटात जेवली, पण दर घासाला थांबत, चाचपत. एकदा कोशिंबीर समजून ठेच्याचा मोठा घास घेतला आणि पाणी शोधताना पेला उलटला. त्या दिवशी ती अर्ध्या जेवणावरून उठली. मी ते ताट माळ्यावर टाकलं.

ओलं-कोरडं वेगळं ठेवण्यात कप्प्यांचं ताट कुठंच कमी पडलं नव्हतं, तरी ते हरलं. का हरलं, या प्रश्नानं मला पुढची काही वर्षं नादी लावलं. मी शिकलेला इतिहास-संशोधक नाही. गावात बी-बियाण्यांचं दुकान चालवून उरलेल्या वेळात वाचतो. पण पान वाढण्याची रीत मी पुस्तकाच्या आधी हातानं शिकलो होतो, म्हणून शोध तिथूनच सुरू केला.

आमच्या लहानपणी गावात लग्न असो की भंडारा, जेवण पळसाच्या पत्रावळीवर. "पळसाला पानं तीनच" असं आपण म्हणतो. ती तीन-तीन पानं उन्हाळ्याच्या तोंडी तोडून, एकावर एक सरकवून काड्यांनी टाचायची. साधारण फूटभर व्यासाचं सपाट वर्तुळ तयार व्हायचं. वाळलेली पत्रावळ वापरण्याआधी पाण्याचा हात मारून मऊ करावी लागे, नाहीतर मोडायची. या पत्रावळीच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण पानाची सारी रचना त्यांना दिलेलं उत्तर आहे. एक, तिला कड नाही. जे पातळ पडेल ते उताराकडे धावणार, आणि अंगणातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीला उतार असतोच. दोन, ती गोल आहे. केळीच्या पानाला निदान टोक असतं. पत्रावळीला वर-खाली, डावं-उजवं काहीच नाही.

मीठ हे या दुसऱ्या अडचणीचं उत्तर. पंगत बसली की पहिला पोरगा मिठाचं भांडं घेऊन निघतो आणि जेवणाऱ्याच्या समोर, पानाच्या वरच्या टोकाला मधोमध चिमूटभर मीठ ठेवतो. त्या क्षणी वर्तुळाला दिशा मिळते. मिठाच्या अलीकडे जेवणारा, पलीकडे वाढपी. आता डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती ते ठरलं. मी नवशिका वाढपी होतो तेव्हा याचं महत्त्व मला चांगलं कळलं. वाढपी जेवणाऱ्याच्या पुढून चालतो, म्हणजे त्याचं डावं ते जेवणाऱ्याचं उजवं. मला चटणीचं भांडं दिलं आणि "डावीकडे वाढ" म्हणून सांगितलं. मी माझ्या डावीकडे वाढत गेलो. दहा-बारा पानं झाल्यावर मागून भाजीवाला काका ओरडला, कारण त्याची जागा चटणीनं खाल्ली होती. नंतर मला साधा नियम शिकवला गेला: डावं-उजवं विसर, मिठाकडे बघ. मिठाच्या ज्या अंगाला पहिल्या पानावर लिंबाची फोड पडली, त्याच अंगाला चटणी.

मीठ वर आणि दूर असण्याचं आणखी एक कारण आहे. ते पाण्यात विरघळतं. वरण पसरत मिठापर्यंत पोचलं तर मीठ वाहून पानभर जातं आणि सगळंच खारट लागतं. म्हणून मिठाची जागा भातापासून पानावरची सर्वांत लांबची. आमच्याकडे लिंबाची फोड मिठाच्या अगदी खाली डाव्या हाताला ठेवत, म्हणजे एखादा ओघळ आलाच तर आधी फोडीला अडे. डावीकडे त्याखाली चटणी, लोणचं, मग कोशिंबीर, पार खाली पापड-कुरडई किंवा भजं. उजवीकडे वरून कोरडी भाजी, तिच्याखाली रश्शाची, आणि आमटी किंवा कढी असेल तर द्रोणात. पाण्याचं भांडं पानाबाहेर, डाव्या हाताला.

या मांडणीला लोक सर्रास "डावीकडे कोरडं, उजवीकडे ओलं" असं म्हणतात. मीही म्हणत असे. पण पानाकडे नीट पाहिलं तर ते खरं नाही. कोशिंबीर ओली आहे आणि डावीकडे आहे. बटाट्याची भाजी कोरडी आहे आणि उजवीकडे आहे. खरी वाटणी प्रमाणाची आहे. जे चिमटीनं खायचं, तोंडी लावायचं, ते डावीकडे. जे घासाघासाला लागतं ते उजवीकडे, कारण जेवणारा हात उजवा आहे आणि त्याला सर्वांत कमी वळावं लागतं ते तिकडे. डावीकडे जायचं तर हात भातावरून आडवा न्यावा लागतो. तो वारंवार नेला तर थेंब सांडतात आणि मनगट भाताला लागतं. म्हणून तिथं जे असतं ते थोडंच असतं, आणि माणूस ते थोडंच खातो. लोणचं उजवीकडे, हाताशी असतं तर आपण त्याचं काय केलं असतं याचा विचार ज्यानं-त्यानं करावा.

ओल्या-कोरड्याचा बंदोबस्त या वाटणीच्या आत, प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे केलेला आहे. पातळ तेवढं द्रोणात, दाट तेवढं पानावर, कुरकुरीत ते सर्वांत शेवटी वाढायचं. पापड आधी वाढला की कोशिंबिरीच्या पाण्यानं त्याची खालची कड मऊ होते. जाणता वाढपी कोशिंबीर पिळून वाढतो आणि पापड दुसऱ्या फेरीला आणतो. सगळ्यांत अवघड वरण, कारण ते द्रोणात न देता भातावरच द्यायचं असतं. त्याला बांध घालतो तो भातच. मुदीच्या मध्यात बोटांनी खळगा करायचा. आमच्याकडे त्याला भाताचं आळं म्हणतात, झाडाला करतात तसंच. वरण त्या आळ्यात, त्यावर तूप, आणि जेवणाऱ्यानं आळं आतल्या बाजूनं, आपल्याकडून फोडत यायचं. पलीकडची भिंत शेवटपर्यंत उभी राहिली पाहिजे. लहान पोरं नेमकी पलीकडची भिंत आधी फोडतात आणि वरण भाजीत जातं. कुणाला लहानपणापासून पंगतीची सवय आहे आणि कुणाला नाही, हे आळं फोडण्यावरून ओळखता येतं.

जेवणाचा क्रम सुरळीत वाटतो तोही या मधल्या जागेमुळे. दोन्ही बाजू म्हणजे कोठार, तिथलं फारसं हलत नाही. मधली, पोटाशी असलेली जागा मात्र भरते आणि रिकामी होते. पहिल्यांदा तिथं वरण-भात. तो संपला की त्याच जागी पोळी, आणि पोळीबरोबर उजवीकडची भाजी आपोआप संपू लागते. मग गोड, मग पुन्हा थोडा भात आणि ताक. पोळी आधी का नाही, असं कुणाला सांगावं लागत नाही. भात असताना पोळीला जागाच नसते. आणि ताकभात शेवटी का, याचं एक उत्तर पानावरच दिसतं. ताक सर्वांत पातळ, ते कितीही आवरलं तरी पसरतं, आणि पसरलं तरी आता भिजण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हे सगळं हातानं माहीत होतं. आता पोथ्यांकडे वळलो तेव्हा पहिला धक्का बसला तो सुश्रुतसंहितेत. आपल्याकडे पान वाढण्याची पद्धत "थेट आयुर्वेदातून" आली असं बिनदिक्कत सांगितलं जातं. सूत्रस्थानाच्या 46व्या, अन्नपानविधीच्या अध्यायात खरोखरच पान मांडण्याचे नियम आहेत, आणि ते ओल्या-कोरड्याचेच आहेत. स्वच्छ, ऐसपैस पात्रात समोर भात आणि सूप म्हणजे वरण. फळं, सर्व भक्ष्य पदार्थ आणि जे जे कोरडं ते जेवणाऱ्याच्या उजव्या अंगाला. पातळ पदार्थ, रस, पाणी, पन्हं, दूध, यूष, पेया हे डाव्या अंगाला. गुळाचे पदार्थ आणि आंबट-गोड चाटणं या दोहोंच्या मध्ये, समोर. म्हणजे बाजू आपल्या नेमक्या उलट!

पहिल्यांदा मला वाटलं, भाषांतरात चूक असावी. दुसरी प्रत पाहिली, मूळ शब्द पाहिले. चूक नव्हती. दक्षिण म्हणजे उजवं, सव्य म्हणजे डावं. मग मी त्या डावीकडच्या यादीकडे पुन्हा पाहिलं. पाणी, पन्हं, दूध, यूष, पेया. यातले बहुतेक पदार्थ भांडं तोंडाला लावून प्यायचे आहेत. त्याच अध्यायात भांडी सांगताना पातळ पदार्थांना चांदीची, ताकासारख्यांना दगडाची, पन्ह्याला मातीची अशी वेगवेगळी भांडी दिलेली आहेत, तर फळं आणि भक्ष्य पानांवर द्यायला सांगितलं आहे. उजवा हात खरकटा असतो. भांडं उचलायला मोकळा असतो तो डावा. म्हणून प्यायचं ते डावीकडे, आणि मोडून-चावून खायचं ते उजवीकडे. आपली आमटी, आपला रस्सा आपण पीत नाही, बोटांनी भातात कालवतो, पोळीच्या तुकड्यानं उचलतो. म्हणजे ते उजव्या हाताचं काम झालं, आणि ते उजवीकडे गेलं. पाणी मात्र आजही डावीकडेच आहे. सुश्रुताच्या डाव्या बाजूचा तेवढाच अंश आपल्या पानाशेजारी शिल्लक राहिला, असं मी मानतो. बाजू बदलल्या त्या शास्त्र विसरल्यामुळे नव्हे. पातळ पदार्थ प्यायचा न राहता कालवायचा झाला, म्हणून.

क्रमाच्या बाबतीतही असंच. सुश्रुत आधी गोड, मध्ये आंबट-खारट आणि नंतर उरलेले रस असा चवींचा क्रम सांगतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या जेवणाची सुरुवात मूग आणि तुपाबरोबरच्या भातानं होते आणि शेवटाकडे दही-ताक येतं. हा क्रम चवीपेक्षा पदार्थांचा आहे आणि तो आमच्या अंगणातल्या पंगतीला ओळखीचा वाटतो. राजाच्या पंगतीचा सरंजाम सोडून द्या, वाकायचा हात तोच आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या पानाबद्दल सर्वांत जास्त लोकांना माहीत असलेली गोष्ट शेगावची. 23 फेब्रुवारी 1878 रोजी देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ होती. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना गजानन महाराज पहिल्यांदा दिसले. पुढे त्यांच्यासाठी घरातून वाढलेलं पान आणलं, ते त्यांनी सगळं एकत्र करून खाल्लं. दासगणूंनी 'गजानन विजय'मध्ये हे वर्णन केलं ते बऱ्याच वर्षांनी, तेव्हा त्याला त्या दिवसाची नोंद म्हणून न वापरता सांगणाऱ्याच्या काळाची साक्ष म्हणून वापरलेलं बरं. भक्तांसाठी त्या प्रसंगाचा अर्थ वेगळा आणि मोठा आहे, त्यात मी शिरत नाही. माझ्या विषयापुरतं एवढंच दिसतं, की पदार्थ एकत्र कालवणं ही सांगण्याजोगी गोष्ट ठरली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नीट मांडलेलं पान आधीच असल्याशिवाय ते मोडल्याचा अर्थ त्याला लागला नसता.

पण हे मांडलेलं पान होतं कुणाचं? इथं मला स्वतःलाच टोकावं लागलं. मिठापासून ताकभातापर्यंतचा पूर्ण नकाशा हा सणाचा आणि बऱ्या घरचा आहे. आमच्या गावात रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वरण किंवा पिठलं, ठेचा, कांदा. शेतात तर ताटही नाही. भाकरी हेच ताट. डाव्या तळहातावर भाकरी, तिच्यावर मधोमध ठेचा आणि कडेला भाजी, उजव्या हातानं काठाकडून तुकडा मोडत आत यायचं. भाजी पातळ असेल तर ती भाकरीवर घेतच नाहीत, वाटीत घेतात. घरी ताटात भाकरी कुस्करून त्यावर वरण ओतायचं आणि काला करून खायचा. तिथं ओलं आणि कोरडं वेगळं ठेवण्याचा प्रश्न नाही, एकत्र करण्याचाच आहे. मग पंगतीचा नकाशा या घरांना परका होता का?

रोडग्यांच्या पंगतीनं मला याचं उत्तर दिलं. आमच्या वऱ्हाडात नवस फेडायला, भंडाऱ्याला रोडगे करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. बस, तीनच पदार्थ. अशा एका पंगतीत मी मुद्दाम वाढायला गेलो आणि पानं पाहत गेलो. मीठ मधोमध पडलं. डावीकडे कांदा आणि मिरचीचा ठेचा. वांग्याची भाजी उजवीकडे. मध्ये रोडगा. तो जेवणाऱ्यानं स्वतः फोडून बारीक चुरायचा, त्याचं आळं करायचं आणि वरणवाल्याची वाट पाहायची. भाताचं आळं वरण अडवतं, रोडग्याचं आळं ते पितं. म्हणून वाढप्याला थांबून वाढावं लागतं. एक पळी ओतायची, ती मुरू द्यायची, पुढच्या माणसाकडे जायचं आणि परतताना दुसरी द्यायची. दोन्ही एकदम ओतल्या तर चुऱ्याचं तळ भिजायच्या आत वरण कड फोडून वांग्याच्या रश्शाला भेटतं. वरण फार पातळ झालेलं असेल तर दोन फेऱ्यांनीही भागत नाही, मग वाढपी आधी जाणाऱ्याला ओरडून सांगतो, "चुरा दाबून बसवा हो!" त्या पंगतीत मोलमजुरी करणारे होते, शेतकरी होते, मास्तर होते. रोजच्या जेवणात ज्यांच्या ताटाला डावं-उजवं नव्हतं, तेही हात न अडखळता जेवत होते.

हल्ली पत्रावळी कमी झाल्या. मध्यंतरी थर्माकोलच्या ताटल्यांचा पूर होता, 2018 मध्ये राज्य सरकारनं त्यांवर बंदी आणली. आता चंदेरी मुलामा दिलेल्या कागदाच्या ताटल्या येतात. त्यांना कड असते, कधी कप्पेही असतात. कड आली की वरण पळत नाही आणि वाढपी बेफिकीर होतो. मिठाचा पोरगा तर दिसेनासाच झाला. मीठ टेबलावर वाटीत. गेल्या लग्नसराईत एका पंगतीत शेजारी-शेजारी बसलेल्या तिघांच्या पानांवर चटणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी होती. कुणाचं काही अडलं नाही, कारण तिघांनाही दिसत होतं.

दृष्टिहीनांना ताट समजावण्यासाठी जगात बऱ्याच ठिकाणी घड्याळाची पद्धत वापरतात. भाजी तीनवर, भात सहावर, असं आधी सांगायचं. मी आईला ती शिकवून पाहिली. ती हसली. "सांगाले तू रोज घरी राहशीन का?" म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. घड्याळाच्या पद्धतीत दर वेळी कुणीतरी सांगावं लागतं. तिच्या पद्धतीत वाढणाऱ्यानं योग्य जागी वाढलं की सांगणं संपलं. डोळे होते तेव्हा तिनं साठ वर्षं दुसऱ्यांसाठी पानं वाढली होती. आता तेच पान तिला उलट बाजूनं वाचायचं होतं, एवढंच.

कप्प्यांचं ताट माळ्यावर गेल्यावर आम्ही जुनं पितळेचं ताट कल्हई करून काढलं. वाटीचा त्रास राहिलाच होता, ती सरकायची. मग बुडाला जड असलेली एक वाटी शोधली आणि ती उजवीकडे कडेला चिकटवून, नेहमी त्याच जागी ठेवायची असं ठरवलं. वाटी अर्धीच भरायची, हवं तर पुन्हा वाढायचं. पापड ताटात न देता तिच्या डाव्या हातात द्यायचा. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आजीचं ताट वाढण्याचं काम तिनं आपण होऊन घेतलं. पहिले काही दिवस ती आजीच्या समोर उभी राहून वाढायची आणि लोणचं उजवीकडे पडायचं. आईनं तिला ओरडून सांगितलं नाही. तिला आपल्या पाटावर, आपल्या शेजारी बसवलं, तिचं बोट धरून ताटाच्या वरच्या कडेला टेकवलं आणि म्हणाली, "इथी मीठ ठेव आधी."